आट्याखाली किती उरतं?

न्हाणीतला नळ भिंतीत नेमका कशावर उभा असतो हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कधी बघितलेलंच नसतं, कारण बघायची वेळ येते तेव्हा टाइल फुटलेली असते. भिंतीच्या आत पाइपाच्या टोकाला एक एल्बो, म्हणजे काटकोनात वळणारा जोड, असतो, त्यात आटे असतात, आणि नळ त्या आट्यांत फिरवून बसवायचा एवढा साधा हिशोब. पण प्लंबर एल्बो बसवतो तेव्हा टाइल अजून आलेली नसते, मग गवंडी येतो, त्याचा माल जरा जाड पडतो, वर टाइलची जाडी, आणि शेवटी एल्बो टाइलच्या तोंडापासून इंच-दीड इंच आत राहतो. नळाचे आटे तिथपर्यंत पोचत नाहीत. मग मध्ये एक छोटा पितळी तुकडा घालतात, एका बाजूला बाहेरचे आटे जे एल्बोत जातात, दुसऱ्या बाजूला आतले आटे ज्यात नळ बसतो. त्याला एक्स्टेंशन निपल म्हणतात. नळाला दहा वर्षांची गॅरंटी असते, टाइल निवडायला आपण तीन दुकानं फिरतो, आणि या तुकड्याचं नावसुद्धा बिलात नीट लिहिलेलं नसतं, "फिटिंग मटेरियल" या एका ओळीत तो जातो.

आमच्या घरी तोच तुटला. घर फोंड्याला, जुनं, जांभ्या चिऱ्याचं, त्यातली न्हाणी काही वर्षांपूर्वी नवीन केली होती. न्हाणीच्या पलीकडच्या खोलीत भिंतीला ओल दिसत होती, आणि गोव्यात भिंतीला ओल म्हणजे कोण लक्ष देतो, पावसाळ्यात चिरा पाणी पितोच, ऑक्टोबरनंतर हळूहळू वाळतो. पण ही ओल जानेवारीत वाळली नाही, मार्चमध्ये नाही, मे महिन्यात बाहेर ऊन तापलेलं आणि आत रंगाचे पापुद्रे सुटतायत, तेव्हा मात्र हे पावसाचं पाणी नाही हे कळलं. डाग नळाच्या बरोबर मागेही नव्हता, तीन-चार फूट बाजूला आणि खाली होता, कारण चिरा सच्छिद्र असतो आणि पाणी त्यातून वाट मिळेल तसं जातं, डाग दिसतो तिथेच गळती असेल असं अजिबात नाही. प्लंबर आला, त्याने नळ जरासा हलवून बघितला आणि नळ त्याच्या हातातच आला. निपलचा मागचा अर्धा तुकडा आत एल्बोत अडकून राहिला.

हातात आलेला अर्धा तुकडा कागदात गुंडाळून मी बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. हे दुकान मी लहानपणापासून बघतोय, आधी वडील बसायचे आता मुलगा बसतो, तोही साठीच्या आसपास आला, आम्ही सगळे त्याला शेट म्हणतो. सकाळची गर्दी ओसरली होती. मी तुकडा काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, "शेट, असाच एक द्या, पण चांगला."

शेटने तुकडा उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि तुटलेली कड उजेडाकडे धरली. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हा आज तुटला नाही."

"आजच तुटला हो, माझ्यासमोर."

"आज सुटला. तुटायला कधीचाच लागलेला. पळय ही कड." त्याने बोटाने कडेवरून गोल फिरवलं. "एवढा भाग काळपट आहे, थोडा हिरवा पण दिसतोय ना? इथे भेग जुनी आहे, पाणी आत-बाहेर करत होतं म्हणून रंग धरला. आणि हा एवढासाच तुकडा पिवळा चकचकीत. हा आज तुटला. म्हणजे अर्ध्याहून जास्त गोलाई आधीच गेली होती आणि तुमचा नळ उरलेल्या एवढ्याशा पितळावर लटकत होता."

मला ते बघून खरंच कसंतरी झालं. ओल जानेवारीतही का वाळली नाही, ती पावसाळ्यात सुरू झाली असणार पण ओळखू का आली नाही, सगळं त्या काळ्या आणि पिवळ्या कडेत दिसत होतं. (तुमच्याकडे कधी असं काही तुटलं तर तुकडा टाकू नका. धुऊ पण नका. कड बघा आधी. सगळी कड ताजी असेल तर धक्का लागून तुटला, अर्धी काळी असेल तर तो आधीपासून गळत होता आणि भिंत आतून किती भिजली असेल त्याचाही अंदाज येतो.)

शेटने मागच्या खणातून दोन निपल काढून समोर ठेवले. दोन्ही दीड इंची, दोन्हीवर तसाच क्रोमचा चकचकाट, बाहेरून बघून मला तरी फरक सांगता आला नसता. "हा सत्तरचा, हा एकशेसाठचा. कुठला देऊ?"

"दुप्पट कशाला? दोन्ही पितळच ना?"

"पितळच. उचला."

उचलल्यावर फरक लगेच कळला. त्याने दोन्ही खिळे तोलायच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवले. सत्तरवाला ३५ ग्रॅम, एकशेसाठवाला ८० ग्रॅम.

"पितळ किलोवर येतं," तो म्हणाला. "जामनगरवाला कारखानदार तांब्याचा भाव बघून दर लावतो. पितळात निम्म्याहून जास्त तांबं, बाकी जस्त, आटे नीट कापले जावेत म्हणून थोडं शिसं. तांबं महाग, म्हणून पितळ महाग. आता ज्याला निपल स्वस्तात विकायचाय त्याच्याकडे करायला आहे काय? बाहेरचं माप त्याला बदलता येत नाही, कारण बाहेरचे आटे एल्बोत बसलेच पाहिजेत. मग तो आतून खातो. भोक मोठं करतो. बाहेरून माल तोच दिसतो."

"पण शेट, भोक मोठं म्हणजे पाणी जास्त येईल, ते तर चांगलंच की. आणि आमच्या टाकीचा प्रेशर असून असून किती? त्याला एवढं जाड पितळ कशाला पाहिजे?"

हा प्रश्न मी अडवायला नव्हता विचारला, मला खरंच तसं वाटत होतं. शेट हसला नाही. उलट म्हणाला की बरोबर विचारलंत, सगळे इथेच फसतात.

"पाण्याच्या दाबासाठी जाडी लागत नाहीच. दहा मीटर उंच टाकी असेल तर खाली नळाला एक किलोचा दाब. तुमची टाकी स्लॅबवर, नळापासून सहा मीटर धरा, म्हणजे ०.६ किलो. त्याला हा पातळवाला भरपूर झाला, याच्या निम्मा असता तरी चालला असता. पाण्याने निपल फुटलेला मी बघितला नाही. निपल तुटतो तो पान्याने आणि हाताने."

मग त्याने ड्रॉवरमधून व्हर्नियर काढला. आता इथून पुढचं जरा सावकाश सांगतो, कारण हे मला चाळीशी उलटेपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं, आणि एकदा कळल्यावर कुठलंही आट्यांचं सामान हातात घेताना माझी नजर आता तिथेच जाते.

अर्ध्या इंची फिटिंगच्या आट्यांचं बाहेरचं माप अर्धा इंच नसतं, ते जवळजवळ २१ मिलिमीटर असतं. शेटने दोन्ही निपलचं बाहेरून माप घेतलं, दोन्ही २०.९. मग आतल्या भोकाचं घेतलं. पातळवाल्याचं १७.४, जाडवाल्याचं १४.६. वहीच्या मागच्या पानावर वजाबाकी करून दोनाने भागलं. पातळवाल्याची भिंत १.७५ मिलिमीटर, जाडवाल्याची ३.१५.

"दुप्पट पण नाही," मी म्हटलं. "पैसे दुप्पटीपेक्षा जास्त."

"थांबा. आटे कुठे मोजले?"

आटा म्हणजे धातूत कापलेली चर. अर्ध्या इंचाच्या या ठराविक आट्याची खोली १.१६ मिलिमीटर असते, पातळ निपल असो की जाड, ती खोली तेवढीच, नाहीतर तो एल्बोत बसणारच नाही. म्हणजे जिथे आटा कापला तिथे भिंतीतून १.१६ गेले. पातळवाल्यात १.७५ मधून १.१६ गेले की उरले सुमारे ०.६ मिलिमीटर. जाडवाल्यात ३.१५ मधून तेवढेच गेले, उरले २ मिलिमीटर. शेटने ०.६ आणि २ या दोन आकड्यांभोवती पेनाने गोल केला आणि वही माझ्याकडे फिरवली.

"आता सांगा. पैसे सव्वादोन पट, आणि आट्याखालचं पितळ तिप्पटीहून जास्त. कुठला स्वस्त?"

मी गप्प बसलो. निपल तुटतो तो नेमका तिथेच, आट्याच्या तळाला, कारण तिथे धातू सगळ्यात कमी आणि चरीच्या टोकदार तळाशी ताण पण जमा होतो. माझ्या तुकड्याची कड बरोबर पहिल्या आट्यातून गेलेली होती, कोणीतरी रेघ मारून कापावं तशी.

शेट म्हणाला की पाइपाचं पण हेच आहे, आणि तिथे तर आकडे सरकारी मानकातच लिहिलेत. जीआय पाइपाचे तीन वर्ग, ए बी सी, हलका मध्यम भारी, पट्ट्याचा रंग अनुक्रमे पिवळा, निळा, लाल. अर्ध्या इंचात पिवळ्या पट्ट्याच्या पाइपाची भिंत २ मिलिमीटर आणि लाल पट्ट्याची ३.२. मीटरला वजन ९४७ ग्रॅम आणि १ किलो ४४० ग्रॅम, म्हणजे लोखंड दीडपट. पण पाइप बाहेरून आट्याच्या मापापेक्षा जरासा जाड असतो, त्यामुळे आटे पाडताना थोडं जास्तच जातं, आणि पिवळ्यात खाली ०.७ च्या आसपास उरतं, लालमध्ये १.८ च्या आसपास. लोक मीटरचा दर विचारतात, आणि दीडपट दर ऐकला की पिवळा उचलतात. पाइप मध्ये कुठे सडत नाही, सडतो तो जोडावर, आणि मग म्हणतात हल्ली मालच तसला येतो.

"बरं," मी म्हटलं, "०.६ उरलं. पण पाण्याला ते पुरतं असं तुम्हीच म्हणालात. मग तोडलं कोणी?"

"पहिला तुमचा प्लंबर. रागवू नका, त्याची पण चूक थोडीच." मग त्याने पातळ निपलचे आटे मला नखाने घासून बघायला लावले, आणि शेजारी जाडचे. पातळवर आटे चार-पाचच होते आणि जरा बोथट, वरचं टोक गोल झालेलं. जाडवर सहा-सात, धारदार. "असला निपल एल्बोत सैल जातो. सैल गेला की प्लंबर टेफलॉन टेप जास्त गुंडाळतो. जास्त टेप गुंडाळला की तो घट्ट जातो, मग मोठा पाना लावतो. दहा इंची पान्यावर माणूस सहज वीस किलोचा जोर देतो. ०.६ मिलिमीटर पितळ त्या पिळाला जेमतेम तग धरतं. कधी तिथल्या तिथे तुटतं, ते बरं, दुसरा लावता येतो. वाईट काय, तर बारीक भेग पडते आणि टेपमुळे त्या दिवशी गळत नाही. प्लंबर पाणी चालू करून दाखवतो, तुम्ही पैसे देता, गवंडी टाइल बंद करतो."

मी नंतर घरी आकडेमोड करून बघितली, इंजिनियरिंगचं जे थोडंफार आठवतं त्यावरून. त्याच पान्याच्या त्याच जोराला जाड निपलमधला ताण पातळच्या निम्म्याहूनही कमी येतो. पातळमध्ये तो पितळ कायमचं वाकायला लागेल इतका येतो. म्हणजे शेट अंदाजाने बोलत नव्हता.

"आणि दुसरा?"

"दुसरे तुम्ही. नळाला बादली अडकवता की नाही?"

अडकवतो. सगळेच अडकवतात. पंधरा लिटरची भरलेली बादली म्हणजे पंधरा किलो, नळाचं तोंड भिंतीपासून चार-पाच इंच पुढे, त्यात निपलने नळ आणखी इंचभर पुढे आणलेला, हा सगळा भार वरच्या बाजूला आट्याच्या तळाशी पितळ ओढत राहतो. पाण्याच्या दाबाने पितळात जो ताण येतो त्याच्या कित्येक पट ताण एक बादली आणते, आणि रोज आणते. भेग आधीच असेल तर दर बादलीला ती जराशी पुढे सरकते.

तेवढ्यात एक कॉन्ट्रॅक्टरचा माणूस आला आणि पातळवाल्या निपलचं अख्खं पाकीट घेऊन गेला. मी शेटकडे बघितलं. त्याला माझा प्रश्न कळला. "मागतात म्हणून ठेवतो," तो म्हणाला. "मी दोन्ही दाखवतो, वजन करून दाखवतो, तुम्हाला दाखवलं तसंच. पण त्याला चाळीस निपल लागतात, एकामागे नव्वद रुपये वाचले तर बिल्डिंगमागे साडेतीन हजार वाचतात, आणि फुटेल तेव्हा तो तिथे नसतो. घर ज्याचं तो इथे येतच नाही सामान घ्यायला. तो टाइल बघायला जातो." यावर काय बोलणार. साडेतीन हजारात माझ्या एका निपलचं काम झालं नाही, प्लंबर आणि गवंडी धरून, आणि त्या डिझाइनच्या टाइल आता मिळत नाहीत हे वेगळंच, तिथे आता दोन वेगळ्या रंगाच्या टाइल दिसतात आणि दिसत राहणार.

मग शेटने विचारलं, "पाणी कुठलं?"

म्हटलं, नळाला ओपाच्या जलप्रकल्पाचं, पण मे महिन्यात कमी पडतं तेव्हा विहिरीचं पण टाकीत चढवतो.

"मग हे पण बघा." त्याने कानशीने माझ्या तुटक्या तुकड्याची आतली बाजू जराशी घासली. पिवळा रंग यायच्या आधी वर एक लालसर थर दिसला, तांब्याच्या भांड्यासारखा नाही, फिकट आणि भुसभुशीत. जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बरेचदा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं. असलं पाणी पितळातलं जस्त हळूहळू विरघळवून नेतं आणि मागे तांबं राहतं, पण सच्छिद्र. आकार तोच, माप तेच, व्हर्नियरला काही कळणार नाही, ताकद मात्र गेलेली. आणि या गोष्टीत जाडीचा हिशोब आणखी सरळ आहे. पाणी पितळ खातं ते मिलिमीटरमध्ये खातं, टक्क्यांत नाही. आतून ०.३ मिलिमीटर खाल्लं तर जाड निपलचं २ मधून १.७ राहिलं, त्याला काही फरक पडला नाही. पातळचं ०.६ मधून अर्धं गेलं. पाणी तेच, वर्षं तेवढीच.

यावर मला वाटलं आता सगळं कळलं, जाड घ्यायचं, संपलं. म्हणून म्हटलं, "म्हणजे वजन करायचं आणि जड असेल तो घ्यायचा."

"नाय नाय, असं नाय." शेट पहिल्यांदा जरा घाईने बोलला. त्याने तिसरा निपल काढला, हातात जाड आणि जड लागणारा, दर नव्वद. आतल्या आट्यावर कानशीने एक ओरखडा मारला. आत पिवळं नव्हतंच, राखाडी-पांढरं होतं. "हे जस्ताचं ओतकाम. क्रोम चढवलं की सगळं सारखं दिसतं. हे वाकत नाही, सरळ तडकतं, आणि आमच्या इथल्या पाण्यात पितळाच्या आधी जातं. लोक लोहचुंबक घेऊन येतात. चुंबक पितळाला पण चिकटत नाही आणि जस्ताला पण नाही, त्याने फक्त लोखंड पकडलं जातं. आत ओरखडा मारून रंग बघायचा, तेवढं दुकानदार करू देतो. करू देत नसेल तर तिथून घ्यायचं नाही." काही लोक क्रोमचा थर किती मायक्रॉनचा ते विचारतात, तो म्हणाला, पण थर जाड असला तर चमक टिकते, आट्याखालचं पितळ त्याने वाढत नाही.

अजून एक गोष्ट त्याने दाखवली जी मी एकट्याने कधीच बघितली नसती. पातळ निपल तोंडाकडून सरळ डोळ्यासमोर धरायला लावला. भोक मध्यभागी नव्हतं. एका बाजूला कड जाड, समोरच्या बाजूला अगदी बारीक. म्हणजे आपण जे ०.६ काढलं ते सरासरी, एका बाजूला ०.९ असेल तर दुसऱ्या बाजूला ०.३, आणि भेग ०.३ कडूनच सुरू होणार. जाड निपलमध्ये पण भोक थोडं इकडेतिकडे असू शकतं, पण २ मधून ०.३ इकडे सरकले तरी तिकडे १.७ आहेत. पातळ मालात कारखान्याच्या छोट्या चुकीला जागाच उरत नाही.

पैसे देताना मी विचारलं की जाडने पाणी कमी येणार का, कारण भोक तर लहान आहे. तो म्हणाला भोकाचं क्षेत्र तीस टक्क्यांनी कमी, पण निपल दीड इंचाचा, एवढ्या अंतरात पाण्याला फार अडथळा होत नाही, नळाच्या आतली वाट त्याहून अरुंदच असते. फक्त टाकी अगदीच खाली असेल आणि वर शॉवर असेल तर थोडा फरक जाणवेल. आणि सगळीकडे जाड घ्यायची गरज नाही हेही त्यानेच सांगितलं. बेसिनखाली उघड्यावर जे असतं, जे हाताने पाच मिनिटांत बदलता येतं, तिथे मधला माल चालतो. टाइलच्या मागे जे बंद होणार तिथे मात्र पैसे घाला.

मी एकशेसाठचे तीन घेतले, न्हाणीतल्या बाकी दोन नळांनाही त्याच वेळचे निपल होते म्हणून. शेटने पिशवीत घालताना प्लंबरसाठी निरोप दिला, आणि तो निरोप मला त्या सगळ्या बोलण्यातला सगळ्यात उपयोगाचा वाटला. "त्याला सांगा, जाड आहे म्हणून जास्त पिळू नको. हा तुटणार नाही, मग जोर एल्बोवर जाईल. भिंतीतला एल्बो प्लास्टिकचा, आत फक्त पितळी आटे बसवलेले, ते आटे प्लास्टिकमधून सुटले की भिंत फोडल्याशिवाय इलाज नाही. हाताने बसेल तेवढा बसव, मग पान्याने एक ते दीड फेरा, बस. आणि आतला अडकलेला तुकडा काढताना गॅस लावू नको, पाइप वितळेल. हॅक्सॉच्या पात्याने आतून दोन चिरा पाड, एल्बोच्या आट्यांना लागेपर्यंत नको, आणि तुकडा आत दुमडून काढ."

प्लंबरने तसंच केलं. दोन चिरा पाडायला त्याला पाऊण तास लागला, दर दोन मिनिटांनी टॉर्च मारून बघत होता की पातं एल्बोच्या आट्यापर्यंत गेलं नाही ना. तुकडा दुमडून निघाला, आटे शाबूत होते. नवीन निपल हाताने पाच फेरे गेला, पान्याने सव्वा, तिथे थांबला. बाकी दोन नळांचे निपल काढले तर एकाच्या पहिल्याच आट्यात नखाला लागेल अशी भेग होती, अजून गळत नव्हती. गवंड्याला आम्ही लगेच बोलावलं नाही. नळ बंद ठेवून, पाणी चालू ठेवून, जोडाभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळून रात्रभर ठेवला, सकाळी तो कोरडा होता, तरी अजून आठवडाभर भिंत तशीच उघडी ठेवली, बादल्या भरत राहिलो, पण खाली स्टूलावर ठेवून. पलीकडच्या खोलीतला डाग कडेने फिका व्हायला लागल्यावर मग टाइल लावायला सांगितलं.